मेलला उत्तर आलं नाही, आता दुसरा मेल कसा टाकायचा: टॉवेलच्या एका ऑर्डरवरून

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, माग काका बघतात आणि मेल, कोटेशन, सॅम्पल हे सगळं माझ्याकडे असतं. आमच्याकडे नवीन लागलेल्या पोराने ऑगस्टमधे एक दिवस मला विचारलं, "ताई, त्या कोल्हापूरच्या हॉटेलवाल्याचा काय रिप्लाय आला नाही, सोडून द्यायचं का आता?" मेल टाकून आठ दिवस झाले होते. त्याच्या डोक्यात दोनच रस्ते होते, एक सोडून द्यायचं किंवा मग रोज फोन करून मागे लागायचं. या दोन्हीच्या मधे जो रस्ता आहे तो त्याला शिकवताना जे जे झालं तेच इथे लिहितेय, कारण नवीन माणसं नेमकी इथेच अडकतात असं मी बघितलंय.

आधी प्रकरण काय होतं ते सांगते. कोल्हापुरातलं 40 खोल्यांचं हॉटेल, तिथल्या पर्चेस मॅनेजरचा नंबर आम्हाला एका लॉन्ड्रीवाल्याने दिला होता. पोराने फोन केला, ते नीट बोलले आणि शेवटी म्हणाले, "मेल टाकून ठेवा, बघतो." सोमवारी 4 ऑगस्ट 2025 ला मेल गेला. त्यात आमची सगळी माहिती, 22 आयटमची प्राइस लिस्ट, कॅटलॉगची पीडीएफ, आणि शेवटी एक वाक्य, "कृपया आपली रिक्वायरमेंट कळवावी."

हे शेवटचं वाक्य बघा. वाचायला साधं वाटतं पण समोरच्याला उत्तर द्यायचं म्हणजे काय काय करावं लागणार आहे? स्टोअरमधे जाऊन जुने टॉवेल किती उरलेत ते मोजायचं, हाउसकीपिंगला विचारायचं, किती जाडीचा माल घ्यायचा ते ठरवायचं, मालकांना विचारायचं, आणि मग आपल्याला लिहायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे ते. माणूस मेल वाचतो, "संध्याकाळी बघू" म्हणतो, आणि संध्याकाळी अजून चाळीस मेल आलेले असतात. त्याने नाही म्हटलेलं नसतं, त्याने काहीच ठरवलेलं नसतं. म्हणून फॉलोअपचं खरं काम आठवण करून देणं हे नाहीच, उत्तर द्यायला लागणारी मेहनत कमी करणं हे आहे. आठवण तर मेल वर आला की आपोआप होतेच.

आधी मेल पोचला का ते बघा

पोराला मी पहिल्यांदा Sent उघडायला लावलं. त्यात आपण टाइप केलेला मेल आयडी अक्षर अक्षर वाचायचा, फोनवर ऐकून लिहिलेल्या आयडीत एस आणि एफ, एम आणि एन यांची गल्लत फार होते. मग इनबॉक्समधे Mail Delivery Subsystem या नावाने काही आलंय का बघायचं, तो मेल म्हणजे आपलं पत्र परत आलंय. नवीन माणसं तो जाहिरातीचा समजून डिलीट करतात. आणि आपलाच Spam फोल्डर उघडायचा, उत्तर आलेलं असतं आणि तिथे पडलेलं असतं असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय, एकदा तर त्या माणसाला मी दुसरा मेल पण टाकून बसले होते, त्याने सरळ लिहिलं की उत्तर दिलंय की हो मॅडम.

जोडलेल्या फाइल्सचा आकार पण बघा. जीमेलला 25 एमबीपर्यंत चालतं, पण समोरच्या कंपनीच्या मेलची मर्यादा कमी असू शकते. आमच्या मेलमधला कॅटलॉग 14 एमबीचा होता. परत आला नव्हता, तरी फॉलोअपमधे मी तो पुन्हा जोडू दिला नाही.

मेल उघडला का ते कळवणारी सॉफ्टवेअर असतात, पण त्यांच्यावर काही ठरवू नका. बहुतेक त्या मेलमधे एक बारीक न दिसणारं चित्र असतं आणि ते लोड झालं की "उघडला" असं दाखवतात, पण बऱ्याच ठिकाणी चित्रं लोडच होत नाहीत किंवा मेल कंपनीचा सर्व्हर स्वतःच आधी लोड करून ठेवतो. आणि खरंच उघडला असेल तरी "आपण मेल पाहिलेला दिसतोय" असं चुकून पण लिहू नका, कोणाच्या घरात खिडकीतून डोकावल्यासारखं वाटतं ते.

किती दिवस थांबायचं

कोटेशनच्या मेलला मी कामाचे पाच दिवस धरते. 4 तारखेच्या सोमवारी मेल गेला तर पाच दिवस शुक्रवारी भरतात. मग शनिवार-रविवार हॉटेलला गर्दी, सोमवारी सगळ्यांचाच इनबॉक्स भरलेला, म्हणून मंगळवार 12 ऑगस्ट. वेळ मी दुपारी सव्वातीनची ठेवली. याचं कारण हॉटेलचं आहे, सकाळी चेकआउटची धावपळ, बारानंतर नवीन पाहुण्यांसाठी खोल्या तयार करणं, भाजी-किराण्याचा माल सकाळीच येतो, आणि तीन ते पाचच्या मधे पर्चेसवाला माणूस टेबलाशी बसतो. तुमचा माणूस शाळेचा असेल, दवाखान्याचा असेल, दुकानदार असेल तर ही वेळ वेगळी येईल, पण ती शोधायची मात्र नक्की. जीमेलमधे Send च्या शेजारी बाण असतो, त्यात Schedule send आहे, रात्री लिहून ठेवला तरी दुपारी सव्वातीनला जातो. रात्री साडेअकराला आलेला फॉलोअप वाचून माणसाला वाटतं हा आपल्या मानगुटीवर बसलाय, आपण फक्त तेव्हा मोकळे होतो एवढंच खरं असतं तरी.

कोणकोणत्या मेलांना पाच दिवस उलटून गेलेत ते शोधायला जीमेलच्या सर्चमधे हे टाका:

```
in:sent older_than:5d newer_than:30d
```

पाच दिवसांपेक्षा जुने आणि तीस दिवसांपेक्षा नवे पाठवलेले मेल येतात. उत्तर आलेलेसुद्धा यात दिसतात, म्हणून एक एक बघावं लागतं. मी हे दर मंगळवारी सकाळी करते आणि वहीत नाव, पहिली तारीख, पुढची तारीख एवढं लिहून ठेवते.

त्याच मेलवर Reply करायचं

नवीन मेल लिहू नका. Sent मधला आपलाच मेल उघडा आणि Reply दाबा, जीमेलमधे तो आपल्याला न जाता मूळ माणसालाच जातो, तरी वरचा पत्ता एकदा बघून घ्या. यात फायदा हा की खाली जुनं कोटेशन तसंच राहतं, त्याला शोधायला लागत नाही. विषय बदलू नका, बदलला की धागा तुटतो आणि तो मेल वेगळाच दिसायला लागतो. "अर्जंट" किंवा "रिमाइंडर 1" असं विषयात घालायची तर अजिबात गरज नाही.

आणि कोणालाही सीसीत घेऊ नका. पोराचं म्हणणं होतं की हॉटेल मालकांचा आयडी वेबसाइटवर आहे, त्यांना सीसीत घेतलं तर मॅनेजर लगेच उत्तर देईल. देईल पण, मालकासमोर त्याचं काम राहिलंय असं आपण दाखवल्यासारखं झालं की तो माणूस आपला राहत नाही. ऑर्डर आज मिळेल कदाचित, पण पुढे माल उतरवून घेणारा, वजन करणारा, बिल पास करणारा तोच आहे.

पहिला फॉलोअप

पोराने पहिल्यांदा असं लिहिलं होतं:

> आदरणीय सर, दि. 4 ऑगस्ट रोजी आपणांस मेल केला होता. अद्याप आपला रिप्लाय प्राप्त झालेला नाही. तरी कृपया लवकरात लवकर कळवावे ही विनंती.

आपल्यापैकी खूप जण असंच लिहितात आणि त्यात त्यांची चूक पण नाही, कारण आपण पत्र लिहायला शिकलो ते अर्ज आणि सरकारी स्मरणपत्रं बघून. पण स्मरणपत्र लिहिणाऱ्याच्या हातात अधिकार असतो, ज्याला लिहिलंय त्याच्यावर उत्तर द्यायचं बंधन असतं. इथे त्या मॅनेजरवर आपलं काही बंधन नाही. "अद्याप प्राप्त झालेला नाही" म्हणजे तुम्ही चुकलात, आणि "लवकरात लवकर" म्हणजे घाई करा. दोन वाक्यात दोन ठपके आणि वाचणाऱ्याला नवीन काही मिळालंच नाही, उलट त्याचं अर्ध्या दिवसाचं काम अजून तिथेच आहे. "विनंती" लिहिलं म्हणून ते नरम होत नाही.

मग आम्ही बसून त्याचं मोजायचं काम आपणच करून टाकलं. हॉटेलमधे साधारण तीन सेट धरायची पद्धत आहे, एक खोलीत, एक धुवायला, एक कपाटात. 40 खोल्या, खोलीला दोन बाथ टॉवेल, तीन सेट, म्हणजे 240. बाथ टॉवेल 75 बाय 150 सेंटीमीटर, आणि जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, तर 500 जीएसएमचा एक टॉवेल साधारण 560 ग्रॅम भरतो. फोनवर ते म्हणाले होते की आत्ताचे टॉवेल लवकर वाळत नाहीत, लॉन्ड्रीवाला कुरकुर करतो. हे वाक्य पोराने वहीत लिहून ठेवलं होतं आणि आम्हाला सगळ्यात जास्त तेच कामाला आलं, कारण जाड टॉवेल उशिरा वाळतो आणि म्हणून 600 ऐवजी 500 सुचवायला आमच्याकडे त्यांचंच कारण होतं. मेल असा गेला:

> नमस्कार सर,
> फोनवर आपण टॉवेल लवकर वाळत नसल्याचं सांगितलं होतं, त्यावरून मी 22 आयटममधला एकच निवडलाय: पांढरा बाथ टॉवेल, 75 × 150 सेंमी, 500 जीएसएम, वजन साधारण 560 ग्रॅम. 600 पेक्षा हा लवकर वाळतो.
> 40 खोल्या, खोलीला दोन आणि तीन सेट असे 240 नग धरलेत, आकडा कमी-जास्त असेल तर तसं करता येईल.
> एक कोरा आणि एक पाच वेळा धुतलेला, असे दोन टॉवेल सॅम्पल म्हणून पाठवू का? नुसतं "हो" लिहिलंत तरी चालेल, हॉटेलचा पत्ता माझ्याकडे आहे.

यात पहिल्या मेलचा उल्लेख कुठे नाही ते बघा, तो खाली दिसतोच आहे. तक्रार नाही, "सहज विचारतोय" नाही, "आपण बिझी असाल" नाही. हे "बिझी असाल" बरेच जण चांगल्या मनाने लिहितात पण त्यातून शेवटी तुम्ही उत्तर दिलं नाही हेच निघतं. प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. दोन प्रश्न विचारले असते तर त्याला एकाचं उत्तर माहीत असतं, दुसऱ्याचं नसतं, आणि मग दोन्ही राहतात.

पाच वेळा धुतलेला टॉवेल कशाला तर कोरा टॉवेल सगळ्यांचाच छान दिसतो. धुतल्यावर किती आटला, धागे निघाले का, पाणी कसं शोषतो हे खरेदी करणाऱ्याला बघायचं असतं आणि मागायला त्याला संकोच वाटतो. तुमच्या धंद्यात असं काय आहे ते बघा, समोरच्याला हवंय पण मागितलेलं नाही, फॉलोअपमधे ते द्यायचं.

तरीही उत्तर नाही

आलं नाही. 15 ऑगस्टची सुट्टी शुक्रवारी आली, जोडून शनिवार-रविवार, हॉटेल भरलेलं असणार हे दिसतच होतं. पोराला 18 तारखेला फोन करायचा होता, मी थांबवलं.

दुसऱ्या फॉलोअपला पहिल्यापेक्षा जास्त दिवस द्यायचे. दर वेळी अंतर वाढत गेलं पाहिजे, कमी होत गेलं की मागे लागल्यासारखं होतं, शब्द कितीही गोड असू देत. आम्ही गुरुवार 21 ऑगस्ट ठरवला, नऊ दिवस.

आणि या वेळी मेल टाकायला एक खरं कारण होतं. कोल्हापुरात नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी उसळते, हॉटेलला टॉवेल तेव्हा हवेत. घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. नवीन टॉवेल वापरायच्या आधी एकदा धुवावे लागतात म्हणजे माल 18 पर्यंत तिथे पोचायला हवा, ट्रान्सपोर्टला दोन दिवस, म्हणजे इथून 16 ला निघायला हवा. विणणं, धुलाई, कटिंग, शिलाई, पॅकिंग मिळून आमचे पंधरा कामाचे दिवस जातात. रविवार आणि अनंत चतुर्दशी वगळून मागे मोजत गेलं की 29 ऑगस्टला काम सुरू झालं पाहिजे. 27 ला गणपती बसणार, म्हणजे ऑर्डर 26 ला हातात हवी.

हे गणित काकांसोबत बसून केलं, अंदाजाने तारीख टाकली नाही. कारण खोटी मुदत हा सगळ्यात मोठा धोका आहे. "ऑफर फक्त शुक्रवारपर्यंत" असं लिहायचं आणि सोमवारी पुन्हा तोच भाव द्यायचा, हे खरेदीतला माणूस रोज बघतो आणि एका झटक्यात ओळखतो. मुदत लिहायची तर ती कुठून आली ते त्याला दिसलं पाहिजे, आणि ती उलटून गेल्यावर आपण पण ती पाळली पाहिजे.

> नमस्कार सर,
> नवरात्राच्या आधी टॉवेल हवे असतील तर तारखांचा हिशोब देतोय: माल 18 सप्टेंबरला कोल्हापुरात पोचवायचा तर आमच्याकडे 15 कामाचे दिवस आणि ट्रान्सपोर्टचे 2 दिवस लागतात, मधे गणपतीची सुट्टी आहे. त्यामुळे मंगळवार 26 ऑगस्टपर्यंत ऑर्डर ठरली तरच आम्ही नक्की शब्द देऊ शकतो.
> नवरात्राची घाई नसेल तर तसं सांगा, दिवाळीचं वेळापत्रक पाठवतो.
> सोबत टॉवेल वजनकाट्यावर ठेवलेला फोटो जोडलाय.

"घाई नसेल तर तसं सांगा" ही ओळ काढू नका. माणसाला नाही म्हणायला दार दिलं की तो त्या दारातून निदान बाहेर येऊन बोलतो. दार नसलं की गप्प बसतो, आणि आपल्याला नकारापेक्षा जास्त त्रास या गप्प बसण्याचा होतो.

याच दिवशी व्हॉट्सअॅप केला तर चालतो का? आम्ही केला, कारण फोनवर आधी ओळख झाली होती आणि नंबर त्या लॉन्ड्रीवाल्याकडून आला होता. एकच ओळ: "सर, नवरात्राच्या डिलिव्हरीच्या तारखा मेलवर पाठवल्यात." बस. कोटेशन पुन्हा चिकटवलं नाही, व्हॉइस मेसेज नाही, आणि निळ्या टिका आल्यावर प्रश्नचिन्ह पाठवलं नाही. पोराचा हात त्या दिवशी फार शिवशिवत होता, टिका दहा मिनिटात निळ्या झाल्या होत्या आणि उत्तर काही येईना. मी त्याला म्हटलं, वाचलं ना त्यांनी, आपलं काम झालं, आता त्यांचं काम त्यांना करू दे. ज्याच्याशी आधी बोलणंच झालेलं नाही त्याला मात्र मेलच्या मागोमाग व्हॉट्सअॅप करू नका, नंबर कुठून आणला हाच प्रश्न त्याच्या डोक्यात आधी येतो.

26 तारीख गेली. उत्तर नाही.

शेवटचा मेल

27 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर गणपती, त्या दिवसांत मी कोणालाच फॉलोअप टाकत नाही. इकडे पण कोणाचं लक्ष नसतं आणि तिकडे पण नसतं, मेल खाली खाली जातो आणि आपली एक संधी वाया जाते. आपल्याकडे जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत बाहेरगावचे मेल येतात तेव्हा आपण तरी कुठे बघतो.

तिसरा फॉलोअप मंगळवारी 9 सप्टेंबरला. कोटेशनच्या बाबतीत माझी हद्द हीच आहे, पहिला मेल आणि त्यावर तीन. तिसऱ्यात आपण स्वतःच विषय मिटवायचा, पण रुसून नाही. "आपल्याला रस दिसत नाही" हे रुसणं झालं. "हा शेवटचा मेल" ही पण धमकी वाटते. सरळ काय स्थिती आहे ती लिहायची:

> नमस्कार सर,
> नवरात्राच्या आधी माल पोचवणं आता आमच्याकडून होणार नाही, म्हणून 240 नगांची जागा मी दुसऱ्या कामाला दिली आहे. 4 ऑगस्टचा भाव 15 दिवसांसाठी होता, सुताचा दर बदलतो म्हणून पुढे लागेल तेव्हा नवीन भाव देईन.
> सॅम्पलचे दोन टॉवेल बाजूला ठेवलेत. दिवाळीसाठी किंवा नंतर कधी बघायचे असतील तर या मेलवर "सॅम्पल" एवढंच लिहा. तोपर्यंत मी मेल करणार नाही.

"मेल करणार नाही" लिहिलं की करायचा नाही. माझ्या अनुभवात या शेवटच्या मेललाच उत्तरं जास्त येतात आणि मला त्याचं कारण असं वाटतं की आता उत्तर दिलं तर पुन्हा मागे लागणार नाहीत याची माणसाला खात्री झालेली असते. पण उत्तर काढायची युक्ती म्हणून हा मेल लिहू नका, जागा दुसऱ्याला दिली नसेल तर दिली म्हणू नका. आम्ही खरंच बार्शीच्या एका ऑर्डरला माग लावला होता.

तिसऱ्यालाही उत्तर नाही आलं तर वहीत पुढची तारीख तीन-चार महिन्यांनंतरची लिहायची, आणि तेव्हा हा धागा उकरायचा नाही. नवीन हंगाम, नवीन विषय, नवीन मेल, आणि मागचं काहीही काढायचं नाही. एखाद्याने स्पष्ट "नको" लिहिलं असेल तर "ठीक आहे सर, कळवल्याबद्दल आभार" एवढं त्याच दिवशी लिहायचं आणि त्याचं नाव त्या यादीतून काढायचं. नकाराला का, कशामुळे, भाव कमी केला तर, असं विचारत बसू नका.

आमच्या बाबतीत गुरुवारी 11 तारखेला दुपारी चारच्या सुमारास मेल आला. तीन ओळींचा. मॅनेजरनी आमचा 12 तारखेचा मेल मालकांना फॉरवर्ड केला होता, मालक बाहेरगावी होते, नवरात्र जुन्या टॉवेलांवर काढायचं त्यांचं आधीच ठरलं होतं, आणि हे नक्की न ठरता काय लिहायचं म्हणून त्यांनी लिहिलं नव्हतं. आता दिवाळीसाठी 120 नग बघायचे होते, 240 नाही. खाली वेगळ्या ओळीत फक्त एक शब्द होता, "सॅम्पल".

पोराला लगेच सगळं लिहायचं होतं, नवीन भाव, हँड टॉवेल, नॅपकिन, बाथ मॅट. मी म्हटलं, त्यांनी जे मागितलं तेवढंच. उत्तर आलं की त्याच दिवशी आपलं उत्तर गेलं पाहिजे, महिनाभर आपण वाट बघितली म्हणून आपण पण दोन दिवस थांबायचं असं नसतं. त्याने लिहिलं, "धन्यवाद सर, दोन्ही टॉवेल उद्या कुरियरने निघतात, पावतीचा नंबर उद्या संध्याकाळपर्यंत पाठवतो. 120 नगांचा आजचा भाव सोबत आहे, दिवाळीसाठी 20 सप्टेंबरपर्यंत ठरलं तर माल 10 ऑक्टोबरच्या आत पोचेल." शुक्रवारी संध्याकाळी कुरियरवाला आमच्या गेटवरून पाकीट घेऊन गेला, त्यात एक कोरा टॉवेल होता आणि एक पाच वेळा धुतलेला, धुतलेल्याला पोराने आठवणीने चिठ्ठी लावली होती की धुण्याआधीची मापं काय होती आणि आता काय आहेत.